भाचा ग्रीक मालकाच्या जहाजावर चालला. हाताचा पंजा दाखवायचा नाही म्हणतात, हे खरं आहे का?

वरुडचा_बागायतदार

राम राम मंडळी. माह्या बहिणीचा पोट्टा जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाचा कोर्स करून पहिल्यांदा जहाजावर चालला. माल वाहणारं मोठं जहाज आहे. मालक ग्रीक, कप्तान ग्रीक, चीफ इंजिनियरही ग्रीकच. बाकी खलाशी फिलिपिनो अन् आपले.

कोर्सच्या सरांनी शेवटच्या दिवशी सांगितलं म्हणे का ग्रीक माणसाले हाताचा पंजा दाखवू नको, मोठी शिवी असते. आता आमच्याकडं एस्टी थांबवाची असली तरी पंजा, पाच किलो सांगाचं असलं तरी पंजा, अन् ताटात अजून भाजी नको म्हणाचं असलं तरी पंजाच. त्यात हा पोट्टा तोंडानं कमी बोलते अन् हातानं जास्त. खरंच एवढं काही असते का, का सरांनी उगाच भेव घातलं?

मास्तर_पुसद

सरांचं बरोबर आहे. पंजा हा संपूर्ण युरोपात अश्लील समजला जातो. तसंच अंगठा आणि पहिलं बोट जुळवून 'ओके' करतात ना, तेही युरोपात कुठंच चालत नाही. दोन बोटांचा विजयाचा व्ही मात्र सगळीकडे चालतो, कारण तो चर्चिलने जगभर गाजवला. भाच्याला सांगा, हात खिशात ठेव आणि तोंडाने बोल.

राजा_तिवसा

म्हणजे पंजावाल्या उमेदवारानं अथेन्समध्ये प्रचाराले जाऊ नये बाप्पा! डिपॉझिट तं जाईनच, वरून मार 😄

संपादक

राजाभाऊ, निवडणूक या धाग्यावर नको. एकदा हसून झालं, आता पुढे चला.

दर्यावर्दी_आर्वी

बागायतदार भाऊ, मी चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर गेली. आता आर्वीजवळ तूर आणि कपाशी. तुमच्या भाच्याच्या सरांनी खरं तेच सांगितलं, फक्त अर्धवट सांगितलं. मास्तर, तुमचं मात्र 'संपूर्ण युरोप' चुकलं. जर्मनीत, इंग्लंडात, पोलंडमध्ये उघडा पंजा म्हणजे 'थांब' किंवा 'पाच', बस. अडचण ग्रीसमध्ये आहे, आणि ग्रीकभाषक सायप्रसमध्ये.

तिथं या प्रकाराला मुंडझा म्हणतात. पाचही बोटं ताणून फाकवायची, तळवा समोरच्याच्या तोंडाकडे करायचा आणि हात पुढे ढकलायचा. सोबत बहुतेक वेळा 'ना!' असा आवाज, म्हणजे 'हे घे'. एका हाताने पुरलं नाही तर दुसरा तळवा पहिल्याच्या पाठीवर थाडकन आपटून दोन्ही हात पुढे करतात. रस्त्यावर एकमेकांना आडवे गेलेले ड्रायव्हर हे सर्रास करतात. २०११ मध्ये सरकारी काटकसरीविरुद्ध अथेन्सच्या सिंटाग्मा चौकात हजारो लोक जमले होते, तेव्हा त्यांनी संसदेच्या इमारतीला सामुदायिक मुंडझे घातले. हजारो पंजे एकदम इमारतीकडे. आपल्याकडच्या माणसाला तो फोटो दाखवला तर तो म्हणेल, लोक शपथ घेत आहेत.

आता नीट लक्षात घ्या, यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: बोटं फाकलेली, रोख तोंडावर, आणि तो पुढे ढकलण्याचा झटका. तिन्ही एकत्र आल्या की शिवी पूर्ण. बोटं मिटलेली असतील किंवा हात डोक्याच्या वर स्थिर असेल, तर ग्रीक माणूस सहसा तिकडे लक्षही देत नाही. म्हणून 'पंजा दाखवू नको' एवढं सांगून भागत नाही. पोरगा घाबरून हातच उचलणार नाही, आणि डेकवर ते जास्त धोक्याचं.

एक प्रसंग सांगतो. अथेन्सच्या पिरियस बंदराजवळ पेरामा म्हणून भाग आहे, जहाजदुरुस्तीच्या यार्डांचा. आमचं जहाज तिथं लागलेलं होतं. सामानाचा ट्रक धक्क्यावर रिव्हर्स येत होता आणि गँगवेच्या, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीच्या पायथ्याशी आमचा एक नवा ओएस, म्हणजे शिकाऊ पातळीचा खलाशी उभा होता, आपल्याच देशातला पोरगा. ट्रक फार जवळ आला म्हणून त्यानं काय करावं? हात छातीसमोर सरळ, पाचही बोटं फाकलेली, आणि 'थांब, थांब' म्हणत दोनदा पुढे ढकलला. आरशातून ड्रायव्हरला काय दिसलं असेल बघा: तोंडावर रोखलेला मुंडझा, आणि एकदा नव्हे, दोनदा. ट्रक थांबला खरा. ड्रायव्हर खाली उतरला, एकावर एक तळवे आपटून त्यानं व्याजासकट परत केलं आणि मग तोंडही सुटलं. पोराला वाटलं, ट्रक उशिरा थांबवला म्हणून बोलतोय, म्हणून त्यानं माफी मागायला पुन्हा तोच हात वर केला!

ग्रीक सेकंड मेट वरून हे बघत होता. तो धावत खाली आला, पोराचा हात धरून खाली केला आणि ड्रायव्हरला दोन वाक्यांत समजावलं. ड्रायव्हर आधी फुरंगटला, मग हसला. नंतर सेकंड मेटनं पोराला तिथंच शिकवलं: गाडी हळू करायची तर तळवा जमिनीकडे, बोटं मिटलेली, हात वरखाली. थांबवायची तर हात डोक्याच्या वर सरळ आणि स्थिर, मूठ केली तरी चालेल. पाच सांगायचे तर तळवा स्वतःकडे वळव, हाताची पाठ समोरच्याला दिसू दे. आणि चुकून झालंच तर हात छातीवर ठेवून 'सिग्नोमी' म्हण. म्हणजे माफ करा.

वरुडचा_बागायतदार

साहेब, हे बाकी कोणी सांगितलं नसतं. पोट्ट्याले फोन करून वाचून दाखवलं. तो विचारते, क्रेनच्या वेळी काय कराचं? कोर्समध्ये जे सिग्नल शिकवले त्यातही हाताचे तळवे येतात.

दर्यावर्दी_आर्वी

त्याला स्पष्ट सांगा, कामाचे सिग्नल बदलायचे नाहीत. क्रेन, विंच, दोर ओढणं, जहाज धक्क्याला लावणं, यात जहाजावर जे ठरलेले सिग्नल आहेत तेच द्यायचे आणि ठरलेल्या माणसानेच द्यायचे. अंगठा वर म्हणजे क्रेनच्या भाषेत बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, वर घे. तिथं कुणी अंगठ्याचा दुसरा अर्थ काढत नाही, आणि शिवी लागेल या भीतीनं पोरानं हात अर्धवट उचलला तर वरचं वजन कुणाच्या डोक्यावर येईल. मी जे सांगतोय ते मेसमध्ये, गँगवेवर, बाजारात, टॅक्सीत.

वणीकर_फिटर

अंगठ्यावरून आठवलं. मी दुबईला वर्कशॉपमध्ये होतो, आमचा फोरमन इराणी होता, वयस्कर माणूस. काम झालं का म्हणून त्यानं लांबून विचारलं की मी अंगठा दाखवायचो. तो दर वेळी तोंड फिरवायचा. मला वाटायचं माणूस खडूस आहे. पुढं एका पोरानं सांगितलं की इराणमध्ये वर केलेला अंगठा म्हणजे आपल्याकडच्या मधल्या बोटासारखंच काहीतरी. गंमत म्हणजे त्याच वर्कशॉपमध्ये इराणी तरुण पोरं होती, ती फोनवर दिवसभर अंगठे पाठवायची. त्यांना काही वाटत नव्हतं.

पण ग्रीसमध्ये अंगठा चालतो का? कोणी सांगेल का?

दर्यावर्दी_आर्वी

ग्रीक जहाजांवर आजकाल सगळे सर्रास अंगठा दाखवतात, मला कधी अडचण आली नाही. जुन्या पिढीच्या एखाद्या माणसाला तो खटकू शकतो, असं एका कप्तानानंच सांगितलं होतं. तोंडासमोर नेऊन झटका देऊ नका, एवढं पुरे. आणि आपण तरी काय वेगळे? अंगठा दाखवला की 'झकास', आणि तोच तोंडापुढे नाचवला की ठेंगा.

धम्मसाथी_उमरेड

मला एक शंका आहे, धाग्याला धरून आहे की नाही माहीत नाही. आमच्या विहारात अभयमुद्रेतली बुद्धमूर्ती आहे, उजवा तळवा समोर. तिचा फोटो भाच्याजवळ असेल तर ग्रीक लोक त्याला शिवी समजतील का? आणि हस्तमुद्रांचा अभ्यास केला तर या सगळ्याचा उलगडा होईल असं मला वाटतं.

ग्रंथपाल_अचलपूर

फोटो बिनधास्त नेऊ द्या. अभयमुद्रेत बोटं जुळलेली, सरळ, आणि हात शांत असतो. दर्यावर्दी साहेबांनी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी दोन त्यात नाहीतच. मुद्राशास्त्राचा आणि या शिव्यांचा मात्र फारसा संबंध नाही. मुद्रा शिकवल्या जातात, शिव्या कुणी शिकवत नाही.

मुंडझ्याच्या उगमाविषयी जे सांगितलं जातं ते आपल्या लोकांना सहज कळेल. बायझंटाइन साम्राज्यात गुन्हेगाराला गाढवावर उलटं बसवून गावातून फिरवत आणि त्याच्या तोंडाला काजळी फासत. ती काजळी आधी तळहातावर घ्यायची आणि मग पाचही बोटं पसरून तोंडावर चोळायची. पुढे काजळी गेली, हाताची हालचाल राहिली. म्हणजे आपण 'तोंडाला काळं फासून गाढवावरून धिंड काढू' म्हणतो ना, तेच तिथं एका हाताच्या झटक्यात बोललं जातं. त्यामुळे मी याला अश्लीलपेक्षा अपमानकारक म्हणेन.

दर्यावर्दी_आर्वी

ग्रंथपाल साहेब, उगमाच्या बाबतीत तुमचं असेलही. पण आजच्या खलाशांच्या तोंडी त्या हातासोबत जे शब्द येतात ते ऐकाल तर अश्लीलच म्हणाल.

ग्रंथपाल_अचलपूर

शब्दांवर मी वाद घालत नाही. हाताचा मूळ अर्थ वेगळा, एवढंच माझं म्हणणं.

कमलताई_हिंगणघाट

मास्तरांनी लिहिलं की दोन बोटांचा व्ही सगळीकडे चालतो. माझी मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे, तिचा अनुभव वेगळा आहे. नवीन असताना एका म्हाताऱ्या पेशंटला तिनं खुणेनं सांगितलं, दोन गोळ्या घ्या. आपण आपल्या अंगणात दाखवतो तसं, हाताची पाठ त्यांच्याकडे. आजोबा आधी दचकले, मग इतके हसले की बाजूच्या खाटेवरचे उठून बसले. सिस्टरनं मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की तळवा बाहेर असेल तर विजय, आणि हाताची पाठ बाहेर असेल तर मधल्या बोटाची शिवी. मुलगी म्हणाली, आई, अर्ध्या वळणात एवढा फरक!

आता मला प्रश्न पडला. दर्यावर्दी भाऊ सांगतात ग्रीसमध्ये तळवा स्वतःकडे वळवा. तसं करायची सवय लागली आणि पोरगा इंग्लंडच्या बंदरात गेला तर?

दर्यावर्दी_आर्वी

ताई, अगदी नेमकं विचारलंत. पाच आकडा असला तर स्वतःकडे तळवा इंग्लंडमध्येही चालतो, तिथं अडचण फक्त दोनाची. म्हणून 'दोन' सांगताना तळवा बाहेर, 'पाच' सांगताना तळवा आत. हे लक्षात राहायला अवघड वाटत असेल तर दोन्हीकडे चालणारा सोपा उपाय आहे: बोटं वर न करता टेबलावर किंवा दुसऱ्या तळव्यावर मोजायची. आमचा फिलिपिनो कूक हेच करायचा, बोटांनी काउंटरवर टकटक करून किती अंडी ते सांगायचा.

मास्तर_पुसद

ताई म्हणतात ते असेल. पण त्या उलट्या व्हीचा इतिहास मला माहीत आहे. १४१५ मध्ये ॲजिनकोर्टच्या लढाईत फ्रेंच लोक पकडलेल्या इंग्रज तिरंदाजांची दोन बोटं कापायचे. जिंकल्यावर इंग्रजांनी ती दोन बोटं दाखवून त्यांना हिणवलं. तिथून ही शिवी सुरू झाली.

ग्रंथपाल_अचलपूर

मास्तर, ही कथा फिरते खूप, पण त्या काळच्या कुठल्याही नोंदीत तिरंदाजांनी बोटं दाखवल्याचं नाही. बोटं कापण्याची धमकी एका बखरकाराने राजा हेन्रीच्या भाषणात घातली आहे, पण त्यात बोटं तीन आहेत. या खुणेचा पहिला ठोस पुरावा १९०१ चा आहे. इंग्लंडमध्ये रॉदरहॅमच्या एका लोखंड कारखान्याबाहेर कामगारांचं चित्रीकरण चाललं होतं, आणि कॅमेरा आवडला नाही म्हणून एका कामगारानं तो उलटा व्ही कॅमेऱ्यालाच दाखवला.

चर्चिलने १९४१ मध्ये विजयाचा व्ही वापरायला सुरुवात केली, पण सुरुवातीच्या काही फोटोंत त्याचाही हात उलटाच आहे. आणि १९९२ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले, ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेले. शेतकरी रस्त्यावर निदर्शनं करत होते. बुश साहेबांनी गाडीतून त्यांना मैत्रीचा व्ही दाखवला, हाताची पाठ बाहेर करून. ऑस्ट्रेलियातही ती तीच शिवी.

वणीकर_फिटर

शेतकरी कशासाठी बसले होते?

ग्रंथपाल_अचलपूर

अमेरिकेच्या शेतीवरच्या सबसिडीविरुद्ध.

वणीकर_फिटर

मंग तं त्याहिनं बरोबरच दाखवलं म्हणा 😄

राजा_तिवसा

संपादक साहेब, हे राजकारण चालते वाटते.

प्रवासी_परतवाडा

मी गेल्या उन्हाळ्यात टूर कंपनीसोबत क्रीटला गेलो होतो. आठ दिवस सगळीकडे पंजा दाखवत फिरलो, वेटरला, बसवाल्याला, फोटो काढणाऱ्याला. कुणी काही म्हटलं नाही. लोक हसून वागले. मला वाटतं ही सगळी जुनी गोष्ट आहे आणि तुम्ही पोराला उगाच घाबरवताय.

दर्यावर्दी_आर्वी

तुमचा अनुभव खोटा नाही. पर्यटकाला ते ओळखतात. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी, त्याच्या हाताकडे कोण बघतं? शिवाय त्यांचं पोट त्याच्यावर आहे. पण जहाजावरचा पोरगा पाहुणा नसतो. चार-चार महिने एकाच मेसमध्ये जेवायचं, वॉचला एकाच माणसासोबत उभं राहायचं. तिथं समोरचा थकलेला असतो, झोप झालेली नसते, आणि त्याला वाटतं की या पोरानं आता आपल्याला ओळखलंय, म्हणजे मुद्दाम केलं. पाहुण्याला जे माफ होतं ते सोबत काम करणाऱ्याला होत नाही.

प्रवासी_परतवाडा

तरी मला ते पटत नाही. तरुण ग्रीक पोरं इंटरनेटवर आपल्यासारखीच. पण जहाजावर मी गेलो नाही, तेव्हा तिथलं तुम्हीच जाणा.

कमलताई_हिंगणघाट

समोरच्याला राग आला हे पोराला कळणार कसं? माझ्या मुलीसमोर आजोबा हसले म्हणून कळलं. चिडून गप्प बसले असते तर तिला आजही माहीत नसतं.

दर्यावर्दी_आर्वी

ताई, ग्रीक माणूस सहसा गप्प बसत नाही, हा त्यातला चांगला भाग. तो तोच हात तुम्हाला परत करतो. समोरच्यानं अचानक पंजा पुढे केला तर समजा, आधी तुमच्याकडून काहीतरी गेलंय. दुसरी खूण म्हणजे बाजूचे लोक. ज्याला लागलं तो गंभीर आणि बाकीचे गालात हसताहेत, असं दिसलं की आपला हात कुठे आहे ते बघायचं.

आणखी एक, शिवी नाही पण घोटाळा होतो म्हणून सांगतो. ग्रीक माणूस भुवया वर करून डोकं झटकन मागे नेतो, कधी जिभेनं 'च्' करतो. आपल्याकडं तसं डोकं वर केलं की 'काय रे?' असा अर्थ होतो. तिथं तो 'नाही' असतो. पोरगा वाट बघत उभा राहील की साहेब काहीतरी विचारताहेत, आणि साहेबांनी तर केव्हाच नकार दिलेला असेल.

वरुडचा_बागायतदार

मंडळी, नवी खबर. पोट्ट्याले जॉइनिंगचं पत्र आलं. जहाज ग्रीकच, पण चढाचं आहे ब्राझीलले, सांतोस बंदरात. तिथं साखर भरणार म्हणे. म्या पंजाचं पाठ करून घेतलं अन् हा चालला ब्राझीलले! तिथं काय दाखवू नये?

दर्यावर्दी_आर्वी

सांतोस माझ्या ओळखीचं. भाऊ, तुम्ही संत्रावाले म्हणून सांगतो, ब्राझीलचा संत्र्याचा रस तिथूनच जहाजांच्या टाक्यांमध्ये भरून युरोपला जातो, तेलासारखा. ती रसाची जहाजंच वेगळी असतात. भाच्याला धक्क्यावरून एखादं दिसलं तर फोटो पाठवायला सांगा.

ब्राझीलमध्ये पंजाला काही नाही. अंगठा तर तिथं तोंडातल्या 'हो'सारखा आहे: दुकानदार, ट्रकवाला, पोलीस, सगळे अंगठ्यानंच बोलतात. तिथं जपायचं ते मास्तरांनी वर लिहिलेलं 'ओके'. अंगठा आणि तर्जनीचं गोल, बाकी तीन बोटं वर. ब्राझीलमध्ये ते गोल म्हणजे गुदद्वार, आणि समोरच्याकडे केलं की सरळ 'तिकडे जा' अशी शिवी. धक्क्यावरच्या मजुरानं विचारलं, दोर बांधला का, आणि पोरानं गोल दाखवलं, तर उत्तर काय गेलं ते समजून घ्या. तिथं अंगठा दाखवायचा.

मास्तर_पुसद

म्हणजे ओकेचं माझं बरोबर होतं.

ग्रंथपाल_अचलपूर

ब्राझीलपुरतं बरोबर, मास्तर. तुम्ही युरोप म्हणाला होता. प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोप आणि आसपासच्या ४० ठिकाणी हातांच्या २० खुणा लोकांना दाखवून अर्थ विचारले होते, १९७९ मध्ये ते छापून आलं. त्यात या गोलाचा अर्थ बऱ्याच ठिकाणी 'छान' असाच निघाला. फ्रान्समध्ये अनेकांनी त्याचा अर्थ 'शून्य', म्हणजे काही लायकीचं नाही, असा सांगितला. शिवी म्हणून तो तुर्कस्तान आणि ग्रीसकडच्या भागात निघाला.

वरुडचा_बागायतदार

थांबा थांबा. म्हणजे ग्रीक कप्तानालेही गोल दाखवाचं नाही?

दर्यावर्दी_आर्वी

नाही. जहाजावरच्या ग्रीकांना इतर देशांच्या माणसांची सवय असते, समजून घेतील. पण जिथं जहाज ब्राझीलचं पाणी सोडून ग्रीकांच्याच पाण्याकडे जाणार, तिथं गोल मुळातच कशाला वापरायचं? एकच अपवाद. पाण्याखाली पाणबुडे हेच गोल दाखवून 'मी ठीक आहे' सांगतात, आणि अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'वर चला' होतो. जहाजाच्या तळाची तपासणी करायला पाणबुडे आले आणि पाण्यातून त्यांनी गोल दाखवलं, तर पोरानं रागवायचं नाही.

वरुडचा_बागायतदार

पोट्टा म्हणते, मामा, पाणबुड्यासमोर गोल, ब्राझीलमध्ये अंगठा, ग्रीकासमोर तळवा आत, इंग्रजासमोर दोन बोटं बाहेर, अन् इराणी भेटला तं अंगठा बंद. मंग मी चहा कसा मांगू?

कमलताई_हिंगणघाट

तोंडानं, बाळा. जगात बऱ्याच ठिकाणी चहाला 'चाय' नाहीतर 'टी' याच्याजवळचंच काहीतरी म्हणतात.

दर्यावर्दी_आर्वी

ग्रीक कप्तानासमोर मात्र कॉफी माग म्हणावं. आणि सांतोसला एजंटचा माणूस विमानतळावर घ्यायला येईल, त्याच्याकडे जहाजाचं नाव लिहिलेला कागद असेल. तिथं लांबून हात हलवला तरी चालतो, ब्राझीलच आहे ते.